‘महिन्याला तीन टक्के पक्के’ : डीप कॉलवर कॉल विकण्याच्या संदेशाचा प्रतिवाद

“कव्हर्ड कॉल करायला पंधरा-सोळा लाखांचे शेअर लागतात, ते विसरा. वर्षभराचा डीप इन द मनी कॉल घ्या, चार लाखांत काम होते आणि तो शेअरसारखाच चालतो. त्यावर दर महिन्याला वरचा कॉल विका. डीप कॉलमध्ये टाइम व्हॅल्यू नसतेच, म्हणून विकलेल्या कॉलचा प्रीमियम पूर्ण आपला. मार्केट वर गेले तरी फायदा, खाली गेले तर लॉस मर्यादित. कॉल हातात असल्यामुळे मार्जिन लागत नाही. रिलायन्स, स्टेट बँक, निफ्टी, कशावरही करा. महिन्याला तीन टक्के पक्के.”

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत हा मजकूर फिरतो आहे, आणि कापसाचे चुकारे खात्यावर पडण्याच्या दिवसांत तो जास्तच फिरतो. मी तालुक्याच्या ठिकाणी वाणिज्य शिकवतो, त्यामुळे माझे जुने विद्यार्थी तो मला पाठवून “सर, हे खरं आहे काजी?” असे विचारतात. यातले काही विद्यार्थी आता स्वतः शेती पाहतात, काही कृषी केंद्र चालवतात, आणि चार लाख ही त्यांच्यासाठी पुढच्या हंगामाची सगळी तजवीज असते. म्हणून एका ओळीचे उत्तर देण्यापेक्षा संपूर्ण हिशेब मांडलेला बरा.

आधी शब्द समजून घेऊ. कॉल हा एक ऑप्शन आहे: ठरलेल्या भावाने, म्हणजे स्ट्राइकला, ठरलेल्या मुदतीत माल घेण्याचा हक्क. तो घेणारा विकणाऱ्याला जी किंमत देतो तो प्रीमियम, आणि विकणाऱ्याला ब्रोकरकडे जी अनामत ठेवावी लागते ते मार्जिन. स्ट्राइक बाजारभावाच्या बरीच खाली असेल तर तो डीप इन द मनी कॉल, आणि स्वतःचे शेअर हातात ठेवून त्यांवर कॉल विकला की तो कव्हर्ड कॉल. संदेशातली पद्धत बनावट नाही, हेही सांगतो. अमेरिकेच्या बाजारात तिला गरिबाचा कव्हर्ड कॉल म्हणतात आणि तिथे ती अनेक वर्षांपासून वापरली जाते. परंतु तिथले ऑप्शन, तिथली मार्जिनची रीत आणि तिथली सौदापूर्ती आपल्याकडे नाही. शिवाय या पद्धतीत दडलेला एक खर्च कोणत्याही देशात चुकत नाही, आणि संदेशाने नेमका तोच शून्य धरला आहे.

शेअरचा मुद्दा लवकर संपतो. एनएसईवर एखाद्या कंपनीच्या शेअरचे ऑप्शन एका वेळी फक्त तीन महिन्यांचे उपलब्ध असतात: चालू महिना, पुढचा महिना आणि त्यापुढचा महिना. रिलायन्सचा किंवा स्टेट बँकेचा वर्षभराचा कॉल एनएसईवर मिळतच नाही, त्यामुळे तो घ्या असे सांगणाऱ्याने ऑप्शन चेन उघडून पाहिलेली नाही हे उघड आहे. तीन महिन्यांचा कॉल घेऊन हाच खेळ करायचा म्हटले, तर मुदत संपताना आणखी एक अडचण येते. ऑक्टोबर 2019 पासून शेअरच्या सर्व ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. त्यामुळे हातातला डीप कॉल शेवटच्या दिवसापर्यंत ठेवला, तर संपूर्ण लॉटचे शेअर पूर्ण किंमत मोजून उचलावे लागतात, आणि त्यासाठीचे मार्जिन मुदतीच्या आधीच्या दिवसांपासून चढत जाते. ज्याने शेअर घ्यायला पैसे नाहीत म्हणून हा मार्ग धरला, त्याच्याकडे ते पैसे तेव्हा तरी कुठून येणार? तेव्हा लांब मुदतीच्या कॉलसाठी प्रत्यक्षात निफ्टीच उरतो. त्याचे जून आणि डिसेंबरचे ऑप्शन काही वर्षे पुढपर्यंतचे मिळतात.

पुढचा सगळा हिशेब निफ्टीवरच करू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून निफ्टी 25,000 वर आहे, लॉट, म्हणजे एका सौद्यातली नगांची संख्या, 65 चा आहे, व्याजदर साडेसहा टक्के आहे आणि बाजार शांत आहे, म्हणजे बाजाराची अस्थिरता मोजणारा इंडिया व्हिक्स 12 च्या आसपास आहे, असे धरतो. या परिस्थितीत वर्षभर मुदतीच्या 20,000 च्या कॉलची किंमत साधारण 6,030 निघते. एका लॉटला 3,91,950 रुपये लागतात, म्हणजे संदेशातले ‘चार लाख’ बरोबर आहेत. महिनाभराचा 25,750 चा कॉल साधारण 115 ला विकला जाईल आणि त्याचे 7,475 रुपये जमा होतील. किमती सूत्राने काढलेल्या आहेत; प्रत्यक्ष बाजारात त्या थोड्या इकडे-तिकडे असतील, पण त्यांचे आपसातले नाते असेच राहील.

आता 6,030 या आकड्याकडे नीट पाहावे. निफ्टी 25,000 वर आणि स्ट्राइक 20,000, म्हणजे कॉलची अंगची किंमत 5,000. मग वरचे 1,030 कशाचे? हीच ती टाइम व्हॅल्यू, जी ‘नसतेच’ असे संदेश म्हणतो. तिची फोड करता येते. कॉल घेणाऱ्याने 25,000 च्या मालावर हक्क मिळवला, पण 20,000 देणे वर्षभर पुढे ढकलले. त्या 20,000 वरचे वर्षाचे व्याज साधारण 1,250 होते आणि कॉल विकणारा ते किमतीत आधीच धरून घेतो. निफ्टीतल्या कंपन्या जो लाभांश देतात तो शेअर बाळगणाऱ्याला मिळतो, कॉलवाल्याला मिळत नाही, म्हणून त्यापोटी साधारण 320 वजा होतात. आणि निफ्टी 20,000 च्याही खाली गेला तरी कॉलवाल्याचे नुकसान भरलेल्या प्रीमियमपाशी थांबते, या संरक्षणाचे साधारण 100 पडतात. बेरीज-वजाबाकी केली की 1,030 येतात. स्ट्राइक आणखी खोल घेतली तर संरक्षणाचा भाग जवळपास नाहीसा होतो, पण व्याज नाहीसे होत नाही. डीप कॉलमध्ये टाइम व्हॅल्यू नसते हा समज महिना-दोन महिन्यांच्या कॉलवरून झालेला आहे, कारण तेवढ्या मुदतीत व्याजाचा भाग किरकोळ असतो. वर्षभराच्या कॉलमध्ये तोच मुख्य भाग होतो.

आपल्याकडच्या व्यवहारात सांगायचे तर कव्हर्ड कॉल करणारा शेताचा मालक असतो, आणि हा डीप कॉल घेणारा वर्षाचा मक्ता आधीच भरून शेत करतो. पीक कसेही आले तरी मक्त्याची रक्कम गेलेली असते आणि वर्ष संपले की शेत परत जाते.

इथे एका माणसाला ही रचना खरोखर परवडते, आणि तो कोण हे ओळखणे महत्त्वाचे आहे. ज्याच्याकडे सोळा लाख पंचवीस हजार रुपये आहेत, तो 3.92 लाखांचा कॉल घेऊन उरलेले बारा लाखांहून जास्त मुदत ठेवीत ठेवतो आणि साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साधारण 80,000 रुपये व्याज मिळवतो. त्याने टाइम व्हॅल्यूपोटी दिलेले 66,950 रुपये त्यातून भरून निघतात. ज्याच्याकडे मुळात चारच लाख आहेत, त्याला ठेवीचे व्याज मिळण्याचा प्रश्नच नाही. त्याने बारा लाखांहून अधिक रक्कम वर्षभरासाठी व्याजाने वापरायला घेतली आहे आणि व्याज पहिल्याच दिवशी चुकते केले आहे. हे कर्ज कागदावर कुठे दिसत नाही, कोणी वसुलीला दारात येत नाही, म्हणून ते नाही असे वाटते, इतकेच.

आता महिन्याच्या कमाईकडे येऊ. 1,030 ची टाइम व्हॅल्यू बारा महिन्यांत विरायची आहे आणि तिच्यात व्याजाचा वाटा मोठा असल्यामुळे ती बऱ्यापैकी सम प्रमाणात विरते, म्हणजे महिन्याला सरासरी 86. विकलेल्या कॉलचे 115 मिळाले. निफ्टी महिनाभर जागचा हलला नाही, म्हणजे या रचनेसाठी चांगला महिना गेला, तरी हातात 29 उरतात. 65 ने गुणले की 1,885 रुपये होतात. 3.92 लाखांवर हा साधारण अर्धा टक्का झाला. तीन टक्क्यांच्या हिशेबाने 11,759 रुपये यायला हवे होते. यातून दलाली, सौद्यावरचा एसटीटी हा कर आणि इतर शुल्क अजून वजा व्हायचे आहे.

मग जवळचा कॉल विकून जास्त प्रीमियम का घेऊ नये, असे कोणीही विचारेल. घेता येतो, पण इथे या पद्धतीचा तिच्या जाणकारांनीच घालून दिलेला एक नियम आडवा येतो. दोन स्ट्राइकमधले अंतर आपल्या खिशातून गेलेल्या निव्वळ रकमेपेक्षा जास्त असले पाहिजे. नाहीतर निफ्टी जोरात वर गेला आणि दोन्ही कॉलमधली टाइम व्हॅल्यू संपली, की अंदाज बरोबर ठरूनही तोटा पदरात पडतो. आपल्या उदाहरणात निव्वळ रक्कम 6,030 वजा 115, म्हणजे 5,915 आहे, आणि 20,000 ते 25,750 हे अंतर 5,750 आहे. नियम मोडलेलाच आहे. हातातल्या कॉलला वर्षभर बाकी असताना पहिल्याच महिन्यात हा तोटा प्रत्यक्ष दिसणार नाही, पण मुदत जसजशी कमी होईल तसतसा तो वर येईल. नियम पाळायचा म्हणून 26,000 चा कॉल विकावा, तर निव्वळ रक्कम 5,962 आणि अंतर 6,000, म्हणजे नियम जेमतेम बसतो. परंतु 26,000 च्या कॉलचे साधारण 68 च मिळतात, आणि महिन्याला विरणारे 86 तर जातातच. म्हणजे निफ्टी स्थिर राहिला तर सुरक्षित स्ट्राइकवर दर महिन्याला 18 चा, लॉटमागे 1,170 रुपयांचा तोटा होतो.

या पद्धतीची खरी कोंडी माझ्या मते हीच आहे. प्रीमियम पुरेसा मिळेल अशी स्ट्राइक घेतली तर तेजी अंगावर येते. तेजी झेपेल अशी स्ट्राइक घेतली तर प्रीमियम व्याजालाही पुरत नाही. बाजार अस्थिर असताना प्रीमियम वाढतात आणि कोंडी थोडी सैल होते हे खरे, पण तेव्हा निफ्टी एका महिन्यात कुठल्या कुठे जाण्याची शक्यताही त्याच कारणाने वाढलेली असते.

यानंतर खरेदी-विक्रीच्या भावातला फरक. गेल्या हंगामात राळेगावकडच्या एका मुलाने जिनिंगच्या आवारात, कापसाची गाडी काट्यावर चढेपर्यंत, मला त्याच्या मोबाइलवर दूरच्या डिसेंबरच्या एका डीप कॉलची मार्केट डेप्थ दाखवली होती. चालू महिन्याच्या कॉलमध्ये खरेदी आणि विक्रीचे भाव एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात. इथे पाच ओळींपैकी दोनच भरलेल्या होत्या, प्रत्येकीत एखाद-दुसरा लॉट होता आणि दोन्ही बाजूंच्या भावांत मोठी दरी होती. शेवटचा सौदा म्हणून जो भाव दिसत होता तो कितीतरी आधीचा होता. त्याने तोच भाव धरून सगळा हिशेब केला होता. आपल्या उदाहरणात खरेदीदार 5,940 देतो आहे आणि विक्रेता 6,120 मागतो आहे असे समजा. फरक 180 चा, लॉटमागे 11,700 रुपयांचा. म्हणजे आत शिरण्यात आणि बाहेर पडण्यात मिळून, संदेशाने एका महिन्याला कबूल केलेली कमाई जवळजवळ जशीच्या तशी जाते. खऱ्या 1,885 च्या हिशेबाने तर ती सहा महिन्यांची कमाई आहे. अशा कॉलमध्ये मार्केट ऑर्डर कधीही टाकू नये. लिमिट ऑर्डर मधल्या भावाला लावून थांबावे, आणि ज्या स्ट्राइकवर ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले सौदे, आहेत, बहुधा हजाराच्या पटीतल्या, तीच निवडावी. आणि घेण्याआधीच पाहावे की आज हाच कॉल विकायचा असता तर काय भाव मिळाला असता.

तेजीचा मुद्दा संदेशात सर्वांत निष्काळजीपणे लिहिलेला आहे. निफ्टी महिन्याअखेर 28,000 वर गेला असे समजा. अशी उडी विरळ असते, पण एप्रिल 2020 मध्ये निफ्टी एका महिन्यात 14 टक्क्यांहून अधिक चढला होता, आणि इथे तर आपण 12 टक्केच धरतो आहोत. हातातला 20,000 चा कॉल तेव्हा साधारण 8,860 चा होईल, म्हणजे 2,830 चा फायदा. विकलेल्या 25,750 च्या कॉलवर 2,250 द्यावे लागतील. मिळालेले 115 धरून निव्वळ फायदा 695, म्हणजे लॉटमागे 45,175 रुपये. कागदावर तक्रारीला जागा नाही.

पण निफ्टीचे ऑप्शन रोखीने मिटतात. कव्हर्ड कॉलवाला शेअर देऊन मोकळा होतो, तसे इथे देण्यासारखे काही नसते. विकलेल्या कॉलची मुदत संपली की 2,250 गुणिले 65, म्हणजे 1,46,250 रुपये खात्यातून रोख वळते होतात. आपला फायदा मात्र हातातल्या डीप कॉलमध्ये अडकलेला असतो आणि तो कॉल विकेपर्यंत त्यातला एक रुपयाही वापरता येत नाही. ज्याने सगळे चार लाख कॉलमध्ये घातले, त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात: बाहेरून दीड लाख आणणे, किंवा वर सांगितलेल्या विरळ बाजारात घाईने डीप कॉल विकणे. फायद्यात असलेला माणूस पैशांसाठी धावाधाव करतो ही गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने एकदा अनुभवली असती, तर ‘वर गेले तरी फायदा’ हे शब्द त्याने जपून वापरले असते.

मार्जिनविषयी संदेशात जे लिहिले आहे ते अमेरिकेतल्या व्हिडिओवरून आलेले दिसते. तिथे लांब मुदतीचा कॉल हातात असेल तर विकलेला कॉल त्याने झाकला गेला असे धरतात आणि सहसा वेगळे मार्जिन मागत नाहीत. तिथली अडचण वेगळी आहे: शेअरचे ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे असल्याने समोरचा माणूस मुदतीआधीच, विशेषतः लाभांशाच्या आदल्या दिवशी, शेअर मागू शकतो. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, मुदतीच्या दिवशीच मिटतात, त्यामुळे ती भीती आपल्याला नाही. हा आपल्या बाजूचा खरा लाभ आहे.

परंतु मार्जिन आपल्याकडे लागते. वेगवेगळ्या मुदतीचे दोन ऑप्शन एकमेकांना काही प्रमाणात सांभाळतात म्हणून इतर दिवशी ते कमी केले जाते, शून्य होत नाही. आणि मुदतीच्या दिवशी ही सवलतच निघून जाते. सेबीने ऑक्टोबर 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, 1 फेब्रुवारी 2025 पासून, ज्या दिवशी एका कॉलची मुदत संपते त्या दिवशी त्याला दुसऱ्या मुदतीच्या कॉलचा आधार धरला जात नाही. निफ्टीच्या ऑप्शनची मुदत मंगळवारी संपते, आणि त्या मंगळवारी आपला विकलेला कॉल उघडा समजला जातो. शिवाय त्याच परिपत्रकाने मुदतीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन लावले आहे. आपल्या उदाहरणात सौद्याची एकूण किंमत 16.25 लाख आहे, तिचे दोन टक्के म्हणजे 32,500 रुपये झाले, आणि उघड्या कॉलचे मूळ मार्जिन त्याच्या अनेकपट असते. नेमकी रक्कम ब्रोकरच्या मार्जिन कॅल्क्युलेटरवर दिसते, पण ती पाहताना एक काळजी घ्यावी: दोन्ही कॉल एकत्र न टाकता फक्त विकायचा कॉल टाकून पाहावे. जो आकडा दिसेल, तो मुदतीच्या दिवशी आपल्याला लागणार आहे. तेवढे पैसे खात्यात नसतील तर दंड लागतो किंवा ब्रोकर स्वतःच सौदा कापतो, आणि तो आपल्या सोयीच्या भावाची वाट पाहत नाही.

यावर उपाय अवघड नाही. विकलेला कॉल सोमवारी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, परत घेऊन मोकळे व्हावे. शेवटच्या दिवशी मिळू शकणारे पाच-दहा रुपये सोडून द्यावे लागतात, पण आपल्या भागात दुपारी वीज आणि नेटवर्क एकदमच जाण्याचा जो अनुभव आहे, तो धरला तर हे पैसे सोडलेलेच बरे.

आता घसरणीकडे वळतो, कारण माझ्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी फसगत ‘मर्यादित’ या शब्दाने होते. निफ्टी पहिल्याच महिन्यात 22,000 वर आला असे समजा. घबराटीने व्हिक्स वाढलेला असेल हे धरूनही 20,000 चा कॉल साधारण 3,290 वर येईल. 2,740 गेले, 115 मिळाले, निव्वळ तोटा 2,625, म्हणजे 1,70,625 रुपये. निफ्टी 12 टक्के पडला आणि आपली रक्कम 44 टक्के कमी झाली. हाच कव्हर्ड कॉल पूर्ण पैसे घालून केला असता, तर रुपयांतला तोटा थोडा जास्त, 1,87,525 झाला असता, पण सोळा लाखांवर तो साडेअकरा टक्के होतो. त्याशिवाय त्या माणसाचे शेअर कोणत्याही तारखेला संपत नाहीत. तो लाभांश घेत चार वर्षे थांबू शकतो. कॉलवाल्याकडे अकरा महिने उरलेले असतात आणि महिन्याला व्याज विरतच असते.

तोटा भरून काढायचा म्हणून दुसऱ्या महिन्यात काय विकणार, हा पुढचा प्रश्न. 25,750 चा कॉल आता दोन-चार रुपयांनाही जाणार नाही. प्रीमियम हवा तर 22,700 चा विकावा लागतो, त्याचे साधारण 200 मिळतात, आणि 13,000 रुपये एकदम जमा झालेले पाहून बरे वाटते. समजा त्याच महिन्यात निफ्टी परत 25,000 वर आला. हातातला कॉल साधारण 5,870 वर परतला, म्हणजे तिथे फक्त 160 ची घट. दोन महिन्यांचे प्रीमियम 115 आणि 200 मिळाले. विकलेल्या कॉलवर मात्र 2,300 द्यावे लागले. एकूण हिशेब 2,145 च्या तोट्याचा, म्हणजे 1,39,425 रुपये गेले, आणि निफ्टी जिथून निघाला होता तिथेच उभा आहे. असे घडते का? मार्च 2020 मध्ये निफ्टी सुमारे 23 टक्के पडला आणि लगेच पुढच्या महिन्यात वर सांगितलेली उडी आली. पडलेल्या बाजारात खालची स्ट्राइक विकणे ही चूक कव्हर्ड कॉलवालाही करू शकतो आणि त्यालाही ती जवळपास तेवढीच महाग पडते. फरक इतकाच की त्याला प्रीमियम घेतलाच पाहिजे अशी सक्ती नसते. ज्याचे व्याज विरते आहे, त्याला गप्प बसणे परवडत नाही.

म्हणून ‘लॉस मर्यादित’ हे वाक्य एका जोडीपुरते, एका महिन्यापुरते बरोबर आहे. पहिल्या महिन्याची मर्यादा 5,915 गुणिले 65, म्हणजे 3,84,475 रुपये. दुसऱ्या महिन्यात नवा कॉल विकला की मर्यादा नव्याने ठरते आणि आधी झालेला तोटा तिच्यात धरलेला नसतो.

हे सगळे वाचूनही ज्याला ही रचना करून पाहायची आहे त्याला मी अडवणार नाही, पण पैशांची तयारी मी पुढीलप्रमाणे सांगेन. एका लॉटसाठी कॉलचे चार लाख, त्याव्यतिरिक्त उघड्या कॉलचे संपूर्ण मार्जिन, आणि तेजी आल्यास रोख देण्यासाठी दीड लाख. शेवटच्या दोन रकमा काही अंशी एकमेकींत मिसळतात, तरी सहा लाखांच्या खाली हे करू नये, आणि यात पीककर्जाचा किंवा बियाण्या-खताचा पैसा असू नये. कॉल विकण्याआधी त्या महिन्याचा प्रीमियम आपल्या कॉलमधून महिन्याला विरणाऱ्या टाइम व्हॅल्यूपेक्षा जास्त आहे का, हे मांडून पाहावे. नसेल तर त्या महिन्यात काहीही विकू नये. विकण्याची स्ट्राइक 20,000 अधिक निव्वळ खर्च या पातळीच्या वर ठेवावी, आणि बाजार पडला तरी ती खाली आणू नये. विकलेल्या कॉलचा बहुतेक प्रीमियम आधीच विरला असेल तर मुदतीची वाट न पाहता तो परत घ्यावा. आणि हातातला डीप कॉल शेवटच्या दिवसापर्यंत न ताणता तीन-चार महिने शिल्लक असतानाच विकावा, कारण त्यानंतर निफ्टी पडला तर दुरुस्तीला वेळ राहत नाही. त्याच्या जागी पुढच्या डिसेंबरचा कॉल घ्यायचा असेल, तर खरेदी-विक्रीच्या भावातला तो 180 चा फरक आणि पुढच्या वर्षाचे व्याज पुन्हा भरावे लागणार आहे, हे धरूनच नवा हिशेब करावा.